मुक्ताबाईवरच्या लेखाचं इंग्रजी: संपादनाच्या नोंदी

२४ एप्रिल, जळगाव

फाइल आली. लेख अमळनेरच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा, मूळ मराठीत. तापी-पूर्णेच्या संगमाच्या टापूत मुक्ताबाईच्या अंतर्धानाची कथा कशी रुजली, हा विषय. इंग्रजी अनुवाद भुसावळच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडमनी केलाय. नियतकालिकाने विषयाला हरकत घेतलेली नाही, पण इंग्रजी शोधनिबंधाचं वाटत नाही असा शेरा मारून परत पाठवलंय.

सरांचा फोन सकाळीच झाला. "भाऊ, जरा वजनदार शब्द घाला, म्हणजे जाईल." मी हो-नाही काहीच बोललो नाही. वजनदार शब्दांची या अनुवादात मुळीच कमतरता नाही.

पहिलं वाचन नुसतं वाचायचं म्हणून केलं, पेन न उचलता. व्याकरण चोख आहे. पण 'द सेड सेंट', 'अफोरसेड व्हिलेज', 'हिअरइनआफ्टर' अशी मंडळी पानोपानी बसलेली. ही इंग्रजी शोधनिबंधाची नाही, ती तहसीलच्या नोटिशीची आणि खरेदीखताची. आपल्याकडे औपचारिक इंग्रजी म्हणून पिढ्यानपिढ्या जी डोळ्यांखालून गेली ती हीच, त्यामुळे मॅडमना दोष देण्यात अर्थ नाही. हे शब्द काढणं तासाभराचं काम आहे. त्याने लेख सुधारेल, सुटणार मात्र नाही.

२५ एप्रिल

खरी अडचण आज सापडली. लेखात 'इट इज बिलीव्हड दॅट' इतक्या वेळा येतं की डोळा त्यावरून घसरायला लागतो. प्रत्येक ठिकाणी मूळ मराठी काढून समोर ठेवलं. तिथे 'असे मानले जाते', 'असे म्हणतात', 'अशी श्रद्धा आहे', 'असे सांगितले जाते', 'असे मानावे लागते' असे निरनिराळे प्रयोग आहेत. अनुवादात सगळ्यांचं एकच झालं.

मराठीत हे खपून जातं. वाचणाऱ्याला वारी ठाऊक असते, नामदेवांचे अभंग कानावरून गेलेले असतात, महिपतींचं नाव ऐकलेलं असतं. 'म्हणतात' म्हटलं की कोण म्हणतं ते तो मनात भरून घेतो. इंग्रजी शोधनिबंध वाचणारा माणूस तिथेच अडतो: कोण मानतं, कधीपासून, कशात लिहिलंय? उत्तर न मिळाल्यास त्याला लेखक एक तर भाविक वाटतो, नाही तर हातचं राखून बोलणारा. भाषा शोधनिबंधाची वाटत नाही म्हणजे नेमकं हेच, आणि इथे शब्दकोशाचा काही उपयोग नाही.

तेव्हा शब्द नंतर. आधी प्रत्येक कर्मणि वाक्याला कर्ता शोधायचा.

२७ एप्रिल

एक तक्ता केला. डावीकडे मूळ मराठी वाक्य, मध्ये अनुवाद, उजवीकडे माझा प्रश्न, आणि शेवटी एक अरुंद रकाना: बोलणारा कोण.

लेखात बोलणारे मुळात थोडेच आहेत. एक, नामदेवांच्या नावाने चालत आलेले अभंग. दोन, महिपती, म्हणजे अठरावं शतक, 'भक्तविजय' १७६२ चा. मुक्ताबाईचा काळ परंपरेने १२७९ ते १२९७, म्हणजे मध्ये साडेचारशेहून जास्त वर्षं गेली. तीन, आजची माणसं: कोथळी-मेहूणचे पुजारी, फडकरी, वारकरी, ज्यांच्याशी सरांनी स्वतः बोलून टिपणं केलीत. चार, गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतले अभ्यासक. आणि पाचवे खुद्द सर, जे 'मानावे लागते'च्या आड उभे आहेत.

वाक्यांवर खुणा करत गेलो तसं दिसलं की काही वाक्यांत दोन-दोन बोलणारे आहेत. अर्धं वाक्य अभंगाचं, उरलेलं गावातल्या माणसांचं, आणि शेवटी सरांचा निष्कर्ष, सगळं एका 'असे मानले जाते'त गुंडाळलेलं. ही वाक्यं तोडल्याशिवाय गत्यंतर नाही.

३० एप्रिल

उन्हाने डोकं उठलंय. दुपारी वीज नव्हती, काम संध्याकाळी.

एक परिच्छेद पूर्ण लावून पाहिला, म्हणजे सरांना आणि मॅडमना पद्धत दाखवता येईल. मूळ वाक्य असं आहे:

"आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतल्यानंतर निवृत्तिनाथांसमवेत तीर्थयात्रा करीत असता तापीतीरी विजेचा कडकडाट होऊन मुक्ताबाई अंतर्धान पावल्या असे मानले जाते व नामदेवरायांनी तो प्रसंग प्रत्यक्ष पाहून वर्णिला आहे हे सर्वश्रुतच आहे."

मराठीत हे वाक्य उत्तम चालतं. अनुवादात ते जसंच्या तसं उतरलं, एका वाक्याचं एक वाक्य, आणि शेवटी 'इट इज वेल नोन'.

आधी ते शेवटचंच. 'सर्वश्रुतच आहे' ही मराठीत वाचकाला दिलेली मानाची जागा आहे: तुम्हाला ठाऊक आहेच, मी आपली आठवण करून देतोय. परदेशातल्या वाचकाला ते मुळीच श्रुत नाही. त्याला हे वाचून आपण अडाणी ठरवले गेलो असं वाटणार. शिवाय जे सर्वश्रुत आहे त्याला संदर्भ का दिलाय, हा प्रश्न उरतोच. काढलं.

मग 'प्रत्यक्ष पाहून वर्णिला'. इथे सांभाळून चालावं लागतं. नामदेवांच्या गाथेतले सगळेच अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नामदेवांचे मानता येत नाहीत, नंतरच्या विष्णुदास नाम्याची रचना तीत मिसळली आहे, हा अभ्यासकांतला जुना वाद. सरांनी स्वतःच लेखात पुढे दोन पानांवर त्याची चर्चा केलीय. मग इथे नामदेवांना साक्षीदार म्हणून उभं केलं तर लेख स्वतःच्याच विरोधात जातो. 'नामा म्हणे' ही मुद्रा अभंगावर आहे एवढं निश्चित. म्हणून कर्ता नामदेव न ठेवता 'नामदेवांची मुद्रा असलेले अभंग' केला. क्रियापद वर्तमानकाळी, कारण अभंग आजही तेच सांगतात.

उरली जागा. तापीकाठचं नेमकं कुठलं गाव? कोथळी आणि मेहूण, दोन्हीकडे मुक्ताबाईची मंदिरं आहेत आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या गावाबद्दल ठाम आहेत. सरांनी मराठीत 'तापीतीरी' एवढंच लिहून हुशारीने वाट काढली होती. मॅडमनी खुलासा म्हणून कंसात एका गावाचं नाव घातलं आणि नकळत निकाल देऊन टाकला.

नव्या इंग्रजीत आता तीन वाक्यं आहेत. त्यांचा मराठी भावार्थ: परंपरेनुसार ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. नामदेवांची मुद्रा असलेले काही अभंग त्यानंतरच्या यात्रेचं वर्णन करतात आणि वीज कडाडताच मुक्ताबाई गुप्त झाल्याचं सांगतात. तापीकाठच्या कोथळी आणि मेहूण या दोन्ही गावांतले भाविक हा प्रसंग आपल्या गावी घडल्याचं मानतात.

तिन्ही वाक्यांत एकही मोठा शब्द नाही. तरी मॅडमना वाचून दाखवलं तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "हे कसं जर्नलमधल्यासारखं वाटतंय."

३ मे

क्रियापदांचा दिवस. 'मानले जाते'च्या जागी काय घालायचं हे बोलणारा कोण यावर ठरतं, आणि इंग्रजीत या क्रियापदांना आपापला वास आहे. 'क्लेम' म्हटलं की लेखकाचा विश्वास नाही असं ध्वनित होतं. कोथळीच्या पुजाऱ्याबद्दल 'क्लेम' आणि पुण्याच्या अभ्यासकाबद्दल 'आर्ग्यू' लिहिलं तर आपण गुपचूप प्रतवारी लावतो. उलट बाजूला 'शो' आणि 'रिव्हील': महिपती अमुक 'शो' करतात असं लिहिलं की लेखकाने महिपतींच्या म्हणण्यावर सही केली. अनुवादात अभंगांसाठी सर्रास 'रिव्हील' आहे आणि गावकऱ्यांसाठी 'क्लेम'. मॅडमच्या मनात असं काही नव्हतं. एकच शब्द परत नको म्हणून त्या बदलत गेल्या. कॉलेजात आपल्याला तेच शिकवलेलं असतं.

मी ठरवलेलं असं: अभंगाला 'डिस्क्राइब', महिपतींना 'रिकाउंट' किंवा 'नरेट', गावच्या माणसांना 'होल्ड' किंवा साधं 'से', अभ्यासकाला 'आर्ग्यू', आणि तेही त्याने खरंच युक्तिवाद केला असेल तरच, नुसता उल्लेख असेल तर 'नोट'. तेच क्रियापद पुन्हा आलं तर येऊ दे. इथे वैविध्यापेक्षा समान वागणूक महत्त्वाची.

आख्यायिकेला 'मिथ' झालं होतं. इंग्रजीत अभ्यासकांसाठी तो शब्द निरुपद्रवी असेलही, पण हा लेख छापून आला की त्याची प्रत मुक्ताईनगरला जाणारच आहे. 'नरेटिव्ह' केलं. संतचरित्राला मात्र 'हॅजिओग्राफी'च ठेवलं. ते एका वाङ्मयप्रकाराचं नाव आहे. सरांना ते खटकेल असं वाटतंय, बोलून घ्यावं लागेल.

४ मे

फक्त तिथ्या तपासल्या. अनुवादात शक संवताचं इसवी करताना सगळीकडे ७८ मिळवलेत. चैत्रापासून मार्गशीर्षाच्या सुमारापर्यंत ते बरोबर असतं. पौषात इंग्रजी साल मध्येच बदलतं, आणि माघ-फाल्गुनात ७९ लागतात. शिवजयंतीचं उदाहरण मॅडमना लगेच पटलं: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. ज्ञानदेवांची समाधी कार्तिक शके १२१८, म्हणून १२९६. मुक्ताबाईंचं अंतर्धान वैशाख शके १२१९, म्हणून १२९७. म्हणजे मध्ये सहा-सात महिन्यांचंच अंतर. अनुवादात 'अ इयर लेटर' होतं, त्याने वर्षभराचं वाटतं. 'द फॉलोइंग स्प्रिंग' सुचवून पाहिलं, पण आमच्याकडच्या वैशाखाला स्प्रिंग म्हणणं हा खानदेशाचा अपमान आहे. महिनाच लिहिला.

महिना माहीत नसेल तिथे दोन्ही सालं तिरक्या रेघेने द्यायची, असं नोंदवून ठेवलं.

८ मे, अमळनेर

सरांकडे जाऊन बसलो. घर वाडी संस्थानापासून लांब नाही. सखाराम महाराजांची यात्रा वैशाखातलीच, त्यामुळे गावात वर्दळ होती. दारातच "काय चाली ऱ्हायनं भो?" आणि मग दोन तास काम.

हॅजिओग्राफीवर फार वेळ गेला नाही. त्यांनी विचारलं, "ज्ञानेश्वरांच्या चरित्राला म्हणता, तसंच युरोपातल्या संतांच्या चरित्रालाही म्हणतात ना?" हो म्हटलं. "मग ठेवा."

वाद झाला तो आदरार्थीवरून. मराठीत 'मुक्ताबाई म्हणाल्या', 'नामदेवराय', 'ज्ञानोबा माऊली' असं लिहिलं की मान क्रियापदातच येतो. इंग्रजीत तो येत नाही म्हणून मॅडमनी प्रत्येक नावामागे 'सेंट' लावलं. एका परिच्छेदात आठ ठिकाणी. मी पहिल्या उल्लेखाला ठेवून पुढची काढली होती. सर थोडे दुखावले. "नुसतं मुक्ताबाई? शेजारची मुलगी आहे का?" मी म्हटलं, सर, त्याच लेखात इंग्रज कलेक्टरचंही नुसतं आडनाव आहे, त्याच्या बरोबरीने नुसतं मुक्ताबाई ही बरोबरीची वागणूक झाली. ते हसले, पण पटलं नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली: उपाधी नावातच मुरलेली असेल तिथे ठेवायची. सखाराम महाराज हे 'सखाराम महाराज'च राहतील, कारण नुसतं सखाराम म्हटलं तर अमळनेरातसुद्धा कोणाला कळणार नाही. मुक्ताबाईत 'बाई' आहेच. हा नियम माझ्यापेक्षा चांगला आहे, शैलीपत्रकात त्यांच्याच शब्दांत उतरवला.

मग तक्त्याचा शेवटचा रकाना काढला. जिथे बोलणारा सापडत नव्हता अशी वाक्यं एकेक करून विचारली. बहुतेकांना त्यांनी न थांबता उत्तर दिलं: हे अभंगातलं, हे महिपतींचं, हे मेहूणला एका म्हाताऱ्या वारकऱ्याने सांगितलं. एका वाक्यापाशी मात्र थांबले. 'मुक्ताबाई आणि चांगदेव यांच्या गुरुशिष्यसंबंधामुळेच ही कथा संगमाच्या परिसरात स्थिरावली असे मानले जाते.' चांगदेवांचं गाव आणि मंदिर तिथेच संगमावर आहे, तेव्हा विधान चुकीचं वाटत नाही. पण मानतं कोण?

सर म्हणाले, "तसं मीच मानतो."

मग हाच तर लेखाचा मुद्दा. सबंध लेखातलं सर्वात नवं वाक्य त्यांनी 'मानले जाते'च्या मागे दडवलं होतं. मराठीत आपल्या मताला असं पाठीमागे ठेवणं हा विनय आहे, आणि त्यांच्या पिढीच्या प्राध्यापकांत तो अंगात भिनलाय. इंग्रजी वाचकाला मात्र ते जुनंच कोणाचं तरी मत वाटणार, आणि परीक्षक विचारणार की यात तुमचं काय? मी सुचवलं: 'आय आर्ग्यू'. त्यांनी मान हलवली. 'मी' लिहिणं त्यांना जड जातंय. 'धिस आर्टिकल आर्ग्यूज' यावर सही झाली. मला त्यात लेख स्वतःच बोलायला लागल्यासारखं वाटतं, पण अनेक नियतकालिकांत ते रुळलेलं आहे आणि नाव त्यांचं आहे, माझं नाही.

त्याच वाक्यातला 'च'. 'संबंधामुळेच'चं 'ओन्ली बिकॉज ऑफ' झालं होतं. म्हणजे दुसरं कुठलंच कारण नाही, असा पक्का दावा. सरांना तसं म्हणायचंय का? नाही, त्यांना भर द्यायचाय. घाटाची वाहतूक, बाजाराचं गाव ही कारणं त्यांनीच पुढे दिलीत. 'अबव्ह ऑल' केलं. मग बाकीचे 'च'ही तिथेच बसून पाहिले. काही ठिकाणी तो खरंच 'फक्त' होता, बहुतेक ठिकाणी नुसता बोलण्याचा ठेका. ठेक्याचे सगळे गेले.

१२ मे

उलटा प्रवास. संपादित इंग्रजी समोर ठेवून सरांना फोनवर मराठीत सांगत गेलो, मूळ लेख न बघता, मनानेच मराठी करत. त्यांनी मध्येच थांबवलं की तिथे खूण. या कामात मी यावर फार भिस्त ठेवतो, कारण गुळगुळीत इंग्रजी वाचून मूळ लेखकही फसतो. आपल्याच लेखाचं छान इंग्रजी झालं म्हणून मान डोलावत जातो. मराठीत परत ऐकलं की अर्थ कुठे सरकला ते लगेच कानाला लागतं.

सर सर्वांत मोठ्याने थांबले ते वारकऱ्यांच्या परिच्छेदात. मूळ: 'मुक्ताईची पालखी ही वारकऱ्यांसाठी माहेरची वाट आहे.' मी शोधनिबंधाच्या नादात त्याचं स्थान, ओळख आणि भावनिक नातं असलं काहीतरी करून ठेवलं होतं, आणि परत सांगताना तेच मराठीत आलं. "हे कोणत्या समाजशास्त्रज्ञाचं वाक्य?" असं सरांनी विचारलं. वाक्य त्यांना एका वारकरी बाईने सांगितलेलं, टिपणवहीत तारखेसह आहे. मग ते अवतरणचिन्हात तिच्याच तोंडी ठेवलं, माहेर तसंच, पहिल्यांदा आल्यावर अर्ध्या ओळीचा खुलासा. लेखकाची भाषा मोजूनमापून असावी, पण ज्याचं बोलणं उद्धृत करतो त्याची भाषा मोजायला आपण कोण?

याच कारणाने अभंगांच्या अनुवादाला हात लावलेला नाही. मॅडमनी ते ओळीला ओळ, थोडे खडबडीत केलेत. तसेच बरे. आजूबाजूचं गद्य सरळ झाल्यावर ते खडबडीतपण मूळ रचनेचं म्हणून वाचलं जातं.

१५ मे

सावधगिरीच्या शब्दांचा अतिरेक झालाय, हा मॅडमचा वाटा. तक्त्याची पद्धत त्यांना इतकी आवडली की त्यांनी स्वतःच दुसरा हात फिरवला, आणि आता एका वाक्यात 'मे', 'परहॅप्स' आणि 'सजेस्ट' तिघेही नांदतात. शंका एकदाच घ्यायची, आणि जिथे ती खरी आहे तिथे. साल परंपरेनुसार आहे, हे पहिल्या उल्लेखाला सांगितलं की पुढे नुसतं साल पुरे. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद होतं, याला 'पॉसिबली' लागत नाही. एसटीच्या जुन्या पाट्या वाचलेले लोक अजून हयात आहेत.

परिच्छेदांच्या सुरुवातीचे 'मोरओव्हर', 'फर्दरमोर', 'दस' पाहिले. काढून वाचलं, जोड तुटली नाही तर गेलेच. जिथे तुटली तिथे वाक्यांचा क्रमच चुकलेला होता, शब्दाने तो झाकला जात होता. अशा तीन-चार जागी वाक्यं खालीवर केली.

२० मे

जवळपास झालं. सारांश आज नव्याने लिहिला, कारण जुन्या सारांशात लेखाचा दावाच नव्हता. विषय काय, एवढंच होतं. आता दुसऱ्याच वाक्यात चांगदेव आणि संगम आलेत.

टिपांत एक काम उरलंय. नामदेवांच्या अभंगांचे क्रमांक सरांनी जुन्या छापील गाथेतून घेतलेत आणि प्रत कोणती ते लिहिलेलं नाही. शासकीय गाथेत क्रमांक वेगळे पडतात, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून वाचकाला अभंग सापडणार नाही. प्रत्येक टिपेत प्रतीचं नाव, क्रमांक आणि अभंगाचा पहिला चरण, तिन्ही द्यायचे. सरांची गाथा माळ्यावरच्या पेटीत आहे आणि त्यांचा नातू रविवारी येणार आहे. फाइल सोमवारी मॅडमकडे शेवटच्या नजरेसाठी, तिथून नियतकालिकाकडे.